गप्प बसणं म्हणजे होकार

माल दारातून बाहेर पडला की विक्री झाली, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. लंडनमधल्या छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. त्यातल्या एक काकू येवल्याहून पैठण्या आणून इथल्या दुकानांना 'सेल ऑर रिटर्न'वर देतात. आपल्याकडे मुंबईच्या बाजारात ज्याला जांगड म्हणतात, त्याच जातीचा व्यवहार. खपलं तर पैसे, नाही तर माल परत.

पहिली चूक ओळखायला सोपी होती. जानेवारीत ३० पैठण्या गेल्या, दुकानाला दर ३०० पौंड. मी सोबत व्हॅट इनव्हॉइसही लावून दिलं आणि ९,००० पौंड विक्रीत टाकले. अशा मालावर व्हॅट खरं तर विक्री पक्की झाल्यावर, किंवा पक्की झालीच नाही तर माल पाठवल्यापासून १२ महिन्यांनी लागतो. पण त्याआधी व्हॅट इनव्हॉइस काढलं तर कराची तारीख इनव्हॉइसचीच होते. म्हणजे एकही पैठणी खपायच्या आधी १,८०० पौंड कर मी काकूंच्या गळ्यात घातला होता. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त चहा जरा उशिरा आला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. दुकानदार 'खपली' म्हणेल तेवढीच विक्री, बाकी सगळा काकूंचा साठा, तोही खरेदीच्या भावाने, म्हणजे नगाला १८० पौंड. हे मला फार सावध, फार सभ्य वाटायचं. इनव्हॉइसऐवजी आता चिठ्ठी जाऊ लागली.

पुढच्या वर्षी पुन्हा ३० पैठण्या एका दुकानात गेल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सेल ऑर रिटर्न, १५ मार्चपर्यंत'. त्यातल्या ११ खपल्याचं दुकानदाराने कळवलं, १२ मुदतीत परत आल्या. उरलेल्या ७ बद्दल काहीच नाही. फोन केला की "बघतो, काकू." ३१ मार्चला वर्ष संपलं. मी त्या ७ पैठण्या १,२६० पौंडांचा साठा म्हणून लिहिल्या. जूनमध्ये दुकानाची कंपनी दिवाळखोरीत निघाली. पैठण्या अजून तिथेच कपाटात होत्या. काकू म्हणाल्या, "माझ्याच आहेत ना, जाऊन घेऊन येते." लिक्विडेटरचं उत्तर आलं की त्या आता तुमच्या नाहीत, तुम्ही फक्त येणेकरी.

मी कायदा उघडला तो त्या दिवशी. १९७९ च्या सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टच्या कलम १८ मधला चौथा नियम म्हणतो की घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा माल आपलाच असल्यासारखं काही केलं, की मालकी त्याची. आणि नकार न कळवता मुदत ओलांडून माल ठेवून घेतला, तरीही त्याचीच. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ गेल्यावर. आपल्या १९३० च्या भारतीय कायद्यातही, कलम २४ मध्ये, हेच आहे. पुण्यात ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

म्हणजे १५ मार्चनंतर त्या ७ पैठण्या विकल्या गेल्या होत्या. गिऱ्हाइकाला नव्हे, दुकानाला. विक्री ११ नव्हे, १८ नगांची, ५,४०० पौंडांची. साठ्यात फक्त परत आलेल्या १२. वर्षाच्या हिशेबांवर अजून सह्या व्हायच्या होत्या, म्हणून मी २,१०० पौंडांची विक्री नोंदवली आणि लगेच तेवढंच येणं बुडीत लिहिलं. व्हॅट आधी भरावा लागला. बुडीत येण्यावरची सवलत सहा महिने थांबून मिळाली.

यातून सुटायची वाट मात्र जुन्या खटल्यांत सापडली, दोन्ही जवाहिऱ्यांचे. १८९७ च्या कर्कहॅम विरुद्ध अ‍ॅटनबरोमध्ये सेल ऑर रिटर्नवर घेतलेले दागिने घेणाऱ्याने सावकाराकडे गहाण टाकले. गहाण टाकणं म्हणजेच माल स्वीकारणं, असं ठरलं आणि पाठवणाऱ्याला दागिने परत मिळाले नाहीत. १९०६ च्या वायनर विरुद्ध गिलमध्येही दागिने गहाणच गेले होते, पण चिठ्ठीवर अट होती की पैसे चुकते होईपर्यंत किंवा बिल लागेपर्यंत माल पाठवणाऱ्याचाच. तिथे पाठवणारा जिंकला. चौथा नियम लागतो तो दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तरच.

काकूंच्या चिठ्ठीवर आता ती ओळ असते. ओळ लिहिली म्हणजे हिशेबात साठा राहीलच असं नाही. साठ दिवसांनी, खपो न खपो, पैसे द्यायचेच असा करार असेल तर ती विक्रीच, कागद काहीही म्हणो. म्हणून दुकानाला माल परत करायची आणि काकूंना परत मागायची मोकळीक खरोखर आहे ना, हे मी आधी विचारतो.

"मग तो गप्प बसला तर?" काकूंनी परवा विचारलं.

"तर माल तुमचाच. विकायचाच असेल तर मुदत संपल्यावर तुम्ही बिल लावायचं."

"आणि बिल लावायचं नसेल?"

"तर जाऊन पैठण्या मोजून यायच्या."

त्यांनी पर्स उचलली. मोजायला मलाही सोबत नेलं.