तारीख छापलेली पावती

आमच्या घरी पावत्या बिस्किटांच्या डब्यात असतात. जामसांवलीच्या मारुतीला मंगळवार-शनिवारी जी गर्दी होते, तेवढीच त्या डब्यात, असं पप्पा म्हणतात. मीही हसायचे. 2024 च्या जूनपर्यंत.

मला मूळ निवासी प्रमाणपत्र हवं होतं. आमच्याकडच्या एका केंद्रावर 10 जूनला अर्ज दिला, पावती मिळाली. वर अर्ज क्रमांक, खाली सेवा देण्याची शेवटची तारीख, 21 जून. मी फोटो काढला आणि कागद आईकडे दिला. पावतीवर जिल्हा पांढुर्णा होता. डब्यातल्या जुन्या सगळ्यांवर छिंदवाडा आहे, कारण आमचा जिल्हा 2023 मध्ये वेगळा झाला.

21 तारीख गेली. 1 जुलैला मी विचारायला गेले. खिडकीतले काका म्हणाले, "ताई, तुमची कागदपत्रं अपुरी होती. नवीन अर्ज करा."

नवीन अर्ज म्हणजे नवीन तारीख, आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. आईने पावती पुढे केली. "अपुरी होती तर यावर लिहिलं का नाही?"

आईने कायदा वाचला नव्हता. मी नंतर वाचला, आणि ती बरोबर होती! मध्यप्रदेशात 2010 पासून लोकसेवा हमी कायदा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे कागद कमी असतील तर पावतीवरच तसं नोंदवायचं, आणि अशा पावतीवर शेवटची तारीख द्यायची नाही. म्हणजे तारीख छापलेली पावती हातात असेल, तर अर्ज पूर्ण म्हणून घेतला, असाच तिचा अर्थ. उलट तारखेची जागा रिकामी असेल तर ती पावती जवळ असूनही मुदतीचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं. हे खिडकीवरून हलायच्या आधी बघायचं. घरी येऊन नाही.

मुदत टळली की 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, म्हणजे मला 21 जुलैपर्यंत वेळ होता. दुसऱ्या अपिलात उशीर सिद्ध झाला तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000, असा दंड होऊ शकतो. आमचं तिथवर गेलं नाही. मी पहिल्या अपिलाचा अर्ज लिहिला, पावतीची झेरॉक्स जोडली (मूळ पावती आई कुणालाच देत नाही) आणि त्या अर्जाचीही पोच घेतली. आठवडाभरात प्रमाणपत्र आलं. नवीन अर्ज केला असता तर 21 जूनची ती तारीख माझ्या कामाची राहिली नसती.

एकच अडचण उरली. डब्यातल्या स्पीड पोस्टच्या चिठ्ठ्या पांढऱ्या पडल्यात. तो कागद उष्णतेवर छापतात, अक्षरं उडतात. लॅमिनेट केली तर गरम होऊन अख्खी काळी होते, एक तशी घालवली आम्ही. आता त्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढतो. पप्पांनी दुसरा डबा आणलाय.