मिटलेल्या खोलीचा फोटो

खोलीचा फोटो काढायला सांगितले की माणूस आधी खोली आवरतो, मग ट्यूबलाईट लावतो, आणि मग दारात उभा राहून फोटो काढतो. म्हणजे झोपणाऱ्याला जी खोली कधीच दिसत नाही नेमकी तीच तो आपल्यापुढे ठेवतो! भोसरीहून माझ्या मामेभावाने पाठविलेला पहिला फोटो अगदी असाच होता.

दादा तिथल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. रात्री अकराला पाळी सुरू होते, सकाळी सातला सुटते. दोन वेळा मशीनवर त्याचा डोळा लागला. तेव्हा सुपरवायझरने त्याला पॅकिंगला बसविले आणि सांगितले, "झोप नीट होईपर्यंत प्रेसला हात लावायचा नाही." प्रेसवर डुलकी म्हणजे बोटांशी गाठ, तेव्हा त्यात चूक काहीच नव्हती. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी, या एवढ्याच भांडवलावर दादाने मला फोटो पाठविला आणि विचारले, "बघ, काय करता येईल?"

दिवसा झोपणाऱ्याची पंचाईत अशी, की शरीरातले घड्याळ त्या वेळी जागे राहण्याच्या बाजूचे असते. झोप मुळातच उथळ, मग लहानसा उजेडही तिला पुरतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात; त्या चित्र पाहत नाहीत, फक्त 'बाहेर दिवस आहे' एवढे मेंदूला कळवितात. मिटलेल्या पापण्यांतूनही थोडा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचतो. निरनिराळ्या देशांतील संशोधकांच्या एका गटाने 2022 साली शिफारस केली, की झोपेच्या वेळी डोळ्यापाशी साधारण 1 लक्सहून अधिक उजेड नसावा. एक मीटरवर ठेवलेल्या एका मेणबत्तीचा प्रकाश एवढाच असतो.

म्हणून दादाला दुसरा फोटो मागितला. दुपारी बारा वाजता दार-खिडकी लावायची, पडदा ओढायचा, दिवा बंद करायचा, दहा मिनिटे अंधारात पडून राहायचे आणि मग उशीवरूनच, डोके जिथे असते तिथूनच, चारी बाजूंचे फोटो घ्यायचे. यात एक खोच आहे. मोबाईलचा कॅमेरा अंधारी खोली आपल्या मनाने उजळून दाखवितो आणि सगळे सारखेच दिसू लागते. त्यासाठी पडद्यावरच्या सर्वांत उजळ जागेवर बोट दाबून धरायचे. कॅमेरा तो उजेड प्रमाण मानतो, बाकीची खोली काळी पडते आणि फटी तेवढ्या पांढऱ्या रेघांसारख्या उरतात.

या फोटोत मजा दिसली. खाट पश्चिमेच्या खिडकीखाली, डोके खिडकीकडे. पडद्याच्या दांडीवरून उजेडाचा एक पट्टा सरळ छतावर गेलेला. पडद्याच्या दोन्ही कडांना उभ्या रेघा. दारावरच्या काचेच्या झडपेचा एक चौकोन, आणि दाराखाली बोटभर फट. पण सर्वांत लख्ख दिसत होता तो लोखंडी कपाटाचा आरसा! खिडकीच्या कडेचा उजेड तो झेलत होता आणि नेमका उशीवर टाकत होता. ट्यूबलाईटच्या फोटोत हे कपाट किती निष्पाप वाटले होते!

फोटोत आवाज दिसत नाही, असे कोणी म्हणेल. पण जिथून उजेड येतो तिथून हवा येते, आणि जिथून हवा येते तिथून आवाज येतो. दार कितीही जाड असो, खालची फट उघडी असेल तर त्या जाडीचा उपयोग फारसा होत नाही. म्हणजे त्या पांढऱ्या रेघा हाच आवाजाच्या वाटांचाही नकाशा होता. अर्थात अर्धाच, कारण भिंतीतून, स्लॅबमधून येणारा धडधडाट कोणत्याच फोटोत उमटत नाही. तो विचारूनच घ्यावा लागतो. विचारले तेव्हा कळले, की खिडकीखालच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे आणि पूर्वेच्या भिंतीपलीकडे, भिंतीला चिकटूनच, मामीचा टीव्ही आहे.

आता पसारा. झोपेचा आणि पसाऱ्याचा संबंध लोक सौंदर्यदृष्टीने जोडतात; मला तो तितकासा पटत नाही. काळोखात पसारा दिसतच नाही. मी पहिल्या फोटोतल्या वस्तू मोजल्या: चौदा. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहिला, 'सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात हे घ्यायला कोण येते?' खाटेखालच्या ट्रंका, जुनी हेल्मेट, गव्हाचे पोते यांच्यासाठी कोणी येत नव्हते. त्या वस्तू जागच्या जागी राहिल्या. पाच वस्तूंसाठी मात्र घर आत-बाहेर करीत होते: खाटेवरची कपड्यांची दोरी, इस्त्री, शिलाईचा डबा, बहिणीची कॉलेजची पुस्तके, आणि मुख्य म्हणजे ते कपाट. त्यात सगळ्यांचे कपडे. दार उघडले की कुरकुरणार. पसारा झोप मोडत नव्हता, पसाऱ्यामागून येणारी माणसे मोडत होती.

मग एका रविवारी मामा आणि दादा यांनी कपाट बाहेरच्या खोलीत नेले. ते टीव्हीच्या जागी मधल्या भिंतीला लागले आणि टीव्ही समोरच्या भिंतीकडे गेला. आरसा, कुरकुर, येणे-जाणे सगळे एकदमच गेले. रिकाम्या झालेल्या दक्षिणेच्या भिंतीला खाटेचे डोके लावले. त्या भिंतीपलीकडे रस्ता नाही, आणि गल्ली व टीव्ही दोन्हींपासून अंतर मिळाले. माझ्या मनात दिशेचा विचारही नव्हता. पण दक्षिणेला पाय येत नाहीत हे पाहून मामी खूष झाली आणि एक संभाव्य वाद आपोआप मिटला.

पडद्याचे कापड परखायचे असेल तर पाठीमागे मोबाईलची बॅटरी धरावी. ठिपका स्पष्ट दिसला तर कापड उपयोगाचे नाही. मामीने जुन्या पडद्याला मागून काळ्या कापडाचे दोन पदर शिवले आणि तो खिडकीपेक्षा दोन्हीकडे वीतभर रुंद केला. दांडीवर पुठ्ठा ठोकला, झडपेला काळा कागद चिकटविला, दाराखाली रबरी पट्टी लावली, सरकत्या खिडकीच्या कडांना फोमची पट्टी. पुन्हा बारा वाजता उशीवरून फोटो. एक रेघ उरली होती, पुठ्ठ्याच्या डाव्या टोकाला. तिथे चिंधी कोंबली.

आवाजाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली सांगितलेली मर्यादा अशी: खोलीत सतत 30 डेसिबलहून अधिक नको आणि एखादा सुटा आवाज 45 च्या वर नको. भोसरीच्या गल्लीत हे गाठणे कठीणच. पण सतत एकसारखा चालणारा आवाज माणसाला तेवढा उठवत नाही. शांततेत अचानक फुटलेला हॉर्न उठवतो. म्हणून पंखा एकाच वेगावर ठेवायचा, त्याच्या घरघरीत बारीकसारीक आवाज बुडतात.

दादा दिनदर्शिकेवर झोपेचे तास लिहीत होता. आधी दोन तुकड्यांत मिळून चार तास होत; महिन्याभराने बहुतेक दिवशी सलग साडेपाच-सहा दिसू लागले. मग तो पुन्हा प्रेसवर गेला. एप्रिलमध्ये मात्र बंद खोली तापू लागली. खिडकी चार बोटे उघडली की वाऱ्याने पडदा हलतो, आणि प्रत्येक झुळुकीबरोबर उजेडाची एक सुरी खाटेपर्यंत येते. पडद्याच्या खालच्या कडेला मामीने वाळू भरलेली नळी शिवून पाहिली आहे. गिरणी अकराला सुरू होते ती होतेच. तिची धडधड जमिनीतून खाटेच्या पायांत येते. पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून पाहतो, असे दादाने परवा कळविले आहे.