आठ निरोगी आणि एक रुग्ण

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे चढताना रस्त्याच्या आसपास ज्या वाड्या लागतात, त्यांतील साठी उलटलेल्या एखाद्या शेतकऱ्याला पक्षाघाताचा झटका येतो, हातपाय दोन-तीन महिन्यांत पुष्कळसे सावरतात, परंतु शब्द काही पूर्वीसारखे वेळेवर तोंडी येत नाहीत. अशा वेळी त्याची वाचा खरोखरच अधू झाली आहे, की हा गृहस्थ मूळचाच मितभाषी, हा प्रश्न माझ्यासारख्या मेंदू-मानसशास्त्राचा व्यवसाय करणाऱ्यापुढे येऊन उभा राहतो. मुलगा सांगतो, "आबा आधी असं नव्हतं." ही साक्ष मोलाची खरी, पण ती अहवालात उतरवून तिच्यापुढे आकडा मांडता येत नाही. आकडा हवा तर परीक्षा घ्यावी लागते, आणि परीक्षेचे गुण हाती आले की लगेच दुसरा प्रश्न निघतो: हे गुण कमी म्हणायचे ते कोणाच्या मानाने?

परीक्षा साधी आहे. एका मिनिटात जितक्या जनावरांची नावे आठवतील तितकी सांगावयाची. शहरात शिकल्या-सवरलेल्या लोकांवर बांधलेली प्रमाणके या कामी उपलब्ध असतात. परंतु चौथीपर्यंत शिकून पुढची पन्नास वर्षे भातशेतीत आणि रानात काढलेल्या माणसाला पदवीधरांच्या पंगतीत बसवून त्याचे गुण कमी आहेत असा निकाल देणे म्हणजे त्याच्या मेंदूची नव्हे, त्याच्या शाळेची परीक्षा घेणे होय. म्हणून याच टापूतील, याच वयाचे, तितकेच शिकलेले, कानाने धड आणि पूर्वी झटका न आलेले पुरुष गोळा करावे लागतात. त्यातही उमेदीची वर्षे मुंबईत नोकरीत काढून गावी परतलेला माणूस आणि गाव कधीच न सोडलेला माणूस यांना एका मापाने मोजावे की नाही, याचा निवाडा आधीच करावा लागतो. इतक्या अटी घातल्यावर उरतात किती? माझ्या हिशोबात आठ. घाटातल्या पावसाळ्यात आठ जमले तरी भाग्य समजावे.

गुण देतानाची एक बारीक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे गणित तिच्यावर उभे आहे. "जनावरं म्हंजे पाळलेली, का रानातली?" असे एकाने परीक्षेच्या आरंभीच विचारले, दोन्ही चालतील म्हटल्यावर त्याने भेकर, साळू, शेकरू, रानडुक्कर, वानर अशी भराभर नावे घेतली आणि मग गोठ्यात शिरून गाय, बैल, वासरू, म्हैस, रेडा, पारडू असा क्रम लावला. आता गाय आणि वासरू ही दोन नावे धरावी की एक? आमच्या पुस्तकी नियमांत एकाच जातीचे नर, मादी आणि पिल्लू यांना वेगवेगळे गुण द्यावे की न द्यावे याबद्दल एकवाक्यता नाही. माझ्या मते कोणताही नियम चालेल, फक्त तो परीक्षेपूर्वी कागदावर उतरलेला असावा आणि रुग्णाला व निरोगी माणसांना तोच लागू व्हावा; रुग्णाची कीव येऊन त्याचे वासरू मोजले आणि इतरांचे गाळले, तर पुढील सर्व सूत्रे व्यर्थ होत.

समजा आठ निरोगी माणसांचे गुण ११, १४, १२, १६, १३, १०, १५ आणि १३ आले. हिशोब डोळ्यांपुढे राहावा म्हणून मी येथे सोयीचे आकडे घेतले आहेत. सरासरी १३, प्रत्येकाचे सरासरीपासूनचे अंतर घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज २८, तिला सातांनी भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन २. आमच्या रुग्णाला मिळाले ९. तो सरासरीच्या चार गुण, म्हणजे बरोबर दोन प्रमाण विचलने खाली आहे. पूर्वापार रीत अशी, की येथेच प्रसामान्य वक्राचे कोष्टक उघडावे, उणे दोनच्या खाली शेकडा २.३ लोक असतात असे वाचावे आणि दोष सिद्ध झाला असे लिहून मोकळे व्हावे.

या रीतीत खोट आहे ती अशी. कोष्टकाला अभिप्रेत असलेली सरासरी आणि प्रमाण विचलन ही अखंड लोकसमूहाची असतात. आपल्या हाती असतात ती आठ माणसांवरून काढलेली अदमासाची मापे. निराळे आठ जण बसवले असते तर सरासरी १२ किंवा १४ निघाली असती, आणि विचलन दोनाऐवजी दीड किंवा तीन आले असते. अदमासालाच वस्तुस्थिती मानले, म्हणजे निरोगी माणसांतही वाजवीपेक्षा अधिक लोक दोषी ठरतात. शेकडा पाचांची मर्यादा आखून आपण बसलो आहोत असे वाटत असते, पण तुलनागट आठांचा असेल तर प्रत्यक्षात आठांहून अधिक, आणि गट पाचांचाच असेल तर दहांहून अधिक निरोगी माणसे त्या मर्यादेखाली जातात.

लहान नमुन्याची ही अडचण नवी नव्हे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट याने 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ साली जे विवेचन प्रसिद्ध केले, त्याचा रोख याच अडचणीकडे होता. पण एका बाजूला अनेक माणसे आणि दुसऱ्या बाजूला एकच, अशा विषम लढतीला ते तत्त्व मेंदुविकारांच्या क्षेत्रात पद्धतशीरपणे लावून दाखविले ते अॅबर्डीनचे जॉन क्रॉफर्ड आणि अमेरिकेतील व्हर्मॉन्टचे डेव्हिड हॉवेल यांनी, १९९८ साली. सूत्र असे:

```
t = (x − x̄) / ( s · √((n + 1) / n) ),   df = n − 1
```

यात x म्हणजे रुग्णाचे गुण, x̄ आणि s ही तुलनागटाची सरासरी व प्रमाण विचलन, आणि n ही गटातील माणसांची संख्या. वर्गमुळाखालच्या पदाची फोड केली तर एक अधिक एक-अष्टमांश असे दिसते. त्यातला एक हा माणसामाणसांतील स्वाभाविक फरकाचा, आणि एक-अष्टमांश हा सरासरी स्वतःच आठ जणांच्या जोरावर उभी आहे म्हणून तिच्या डळमळीतपणाचा. विचलनाच्या अनिश्चिततेचा बंदोबस्त निराळ्या मार्गाने होतो: प्रसामान्य वक्राऐवजी सात स्वातंत्र्यमात्रांचे t-कोष्टक पाहावयाचे, ज्याची शेपटी अधिक जाड असते. गट जसजसा वाढेल तसतसे हे दोन्ही फेरफार लोप पावतात आणि जुनी रीत व नवी रीत एकच होतात.

आमच्या रुग्णाचा हिशोब करू. वजा चार भागिले दोन गुणिले १.०६१, उत्तर वजा १.८८६. सात स्वातंत्र्यमात्रांवर एका बाजूची शक्यता शेकडा ५.१. जुन्या रीतीने जेथे २.३ दिसले तेथे दुपटीहून अधिक, आणि पाचांच्या रूढ मर्यादेच्या किंचित पलीकडे. एका बाजूचाच विचार येथे योग्य, कारण झटक्याने शब्द वाढतात अशी कोणाची अपेक्षा नसते. मात्र तो निर्णय गुण पाहण्यापूर्वीच झालेला असावा.

या ५.१ चा अर्थ या पद्धतीत फार सरळ लागतो आणि मला तोच तिचा खरा लाभ वाटतो. अशाच वयाच्या, अशाच शिक्षणाच्या निरोगी लोकांत या रुग्णाहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, याचा तो अंदाज असतो. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा पाया घालणारे कोल्हापूरचे हुजूरबाजार केंब्रिजला ज्या हॅरॉल्ड जेफ्रीझ यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या परंपरेतील बेझ-पद्धतीने, पूर्वग्रह काहीच न धरता, हाच प्रश्न सोडविला तरीही नेमके हेच उत्तर येते. क्रॉफर्ड यांनी पॉल गार्थवेट यांच्याबरोबर पुढे या अंदाजाच्या दोन्ही कडाही काढण्याची रीत दिली. आमच्या उदाहरणात त्या कडा एक टक्क्याच्याही खालपासून वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत पसरतात. आठ माणसांवरून याहून अधिक खात्रीने बोलता येत नाही, आणि जो बोलतो तो आकड्यांच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतो.

याच आकड्यांचा आणखी एक चुकीचा वापर प्रबंधांतून वेळोवेळी दिसतो. रुग्णाचे ९ हे गुण जणू ठरीव प्रमाण आहे असे मानून आठ जणांची सरासरी त्याहून निराळी आहे काय, अशी एका नमुन्याची t-चाचणी लावतात. मग भाजकात विचलनाऐवजी विचलन भागिले आठाचे वर्गमूळ येते, t एकदम ५.७ च्या घरात जातो आणि शक्यता हजारात एकाहूनही कमी निघते. पण ती परीक्षा सरासरीची झाली. त्या आठांतील १० गुणांचा निरोगी गृहस्थसुद्धा त्याच रीतीने रुग्ण ठरेल. माणूस सरासरीहून वेगळा आहे म्हणजे माणसांहून वेगळा आहे असे नव्हे.

सर्वांत जास्त घात मात्र सूत्राने होत नाही, गटाने होतो. समजा नववा मनुष्य म्हणून एक कानाने अधू असलेला आजोबा बसविला, सूचना त्याला नीट ऐकू आल्या नाहीत आणि चारच नावे झाली. सरासरी १२ वर येते, प्रमाण विचलन दोनावरून साडेतीनावर उडते, रुग्णाचा t वजा ०.८ होतो आणि शक्यता शेकडा बावीस. एका माणसाने रुग्णाला निर्दोष सोडविले. उलट बाजूने, हे चार गुण पाहिल्यावर त्या आजोबाला कानाच्या सबबीखाली वगळणे हेही तितकेच गैर, कारण मग निकाल आपल्या इच्छेने लागतो. ऐकण्याची तपासणी आधी करून घ्यावी, अट आधी लिहावी आणि अटीत बसलेल्याचे गुण कसेही आले तरी ठेवावेत. विचलन संशयास्पद मोठे आले की मी प्रथम एकेका माणसाचे गुण पाहतो, मग त्याच्या परीक्षेच्या दिवशीची नोंद. सूत्राकडे सर्वांत शेवटी.

या चाचणीची एक मर्यादा मात्र कोणत्याही काटेकोरपणाने हटत नाही. झटक्यापूर्वी ज्याला १६ नावे सुचत असतील आणि आता ११ सुचतात, त्याची हानी खरी असूनही तो या आठांच्या रांगेत आरामात बसतो. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या पूर्वस्थितीशी व्हावयास हवी, आणि ती पूर्वस्थिती आम्हांला कोणी मोजून ठेवलेली नसते. म्हणून चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे वाचा शाबूत आहे, असे मी लिहीत नाही. मुलाच्या "आधी असं नव्हतं" या जबानीला अहवालात स्वतंत्र परिच्छेद देतो.

त्या शेतकऱ्याच्या बाबतीत मी लिहीन ते इतकेच: गुण ९, तुलनागट आठांचा, सरासरी १३, विचलन २, अशा लोकांत याहून कमी गुण असणारे अदमासे शेकडा पाच, परंतु पंचवीसपर्यंत असण्याचा संभव, वाचेचे उपचार सुरू करावेत व सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा घ्यावी. आणि घाटातल्या वाडीवर कोणी वही-घड्याळ घेऊन आला व धडधाकट म्हाताऱ्यांना जनावरांची नावे विचारू लागला, तर त्याला चहा देऊन अर्धा तास बसू द्यावे, अशी वाचकांतील त्या बाजूच्या लोकांना माझी विनंती आहे; आठांचे बारा झाले तर पुढच्या रुग्णाचा निकाल थोडा अधिक भरवशाचा होईल.