इंग्रजीतले तीन मार्क

1990 साली जळगावला विद्यापीठ झालं आणि आम्हा धुळ्याकडच्या पोरांच्या मार्कशीटवरून पुण्याचं नाव गेलं. माझी पदवी त्यानंतरची. आठशेपैकी 474 पडले. फर्स्ट क्लासला 480 लागतात, म्हणजे सहा कमी. तरी मी निर्धास्त होतो. वरच्या वर्गासाठी एकूण गुणांच्या एक टक्का, फार तर दहा मार्क वाढवून देतात, हे ठाऊक होतं. आठशेचे आठ झाले. सहा त्यात आरामात बसत होते. पण मार्कशीटवर सेकंड क्लासच!

कॉलेजातल्या भाऊसाहेबांनी इंग्रजीपुढच्या खुणेवर बोट ठेवलं. "हे तीन ग्रेसचे. ते घेऊन पास झालास ना, मग वर्गासाठीचे मिळत नाहीत. सगळे विषय स्वतःच्या मार्कांवर सुटले पाहिजेत."

ग्रेसचे तीन बेरजेत धरलेलेच नव्हते. म्हणजे पेपर पुन्हा तपासून इंग्रजीत तीन वाढले असते, तर 477 झाले असते, ग्रेसची खूण गेली असती आणि उरलेले तीन विद्यापीठानंच दिले असते. पण पास आहे म्हटल्यावर फेरतपासणीचे पैसे कोण भरतो? मी निकालाच्या दिवशी पेढे वाटले होते. अर्जाची मुदत त्याच आनंदात टळली.

घरी वडील ओट्यावर बसलेले. "पास शे ना?"

"शे."

त्यांनी मार्कशीट उलटसुलट पाहिली, घडी घालून खताच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवली. आठशेचा एक टक्का त्यांना समजावत मी बसलो नाही.