जाहिरातीतले शब्द आणि आपण केलेले काम

कळंबमधली आपली मुलं एक बायोडाटा बनवतात, त्याच्या पन्नास झेरॉक्स काढतात आणि जिनिंगपासून यवतमाळच्या संस्थेपर्यंत सगळीकडे तोच देतात. 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड' हे त्यात ठरलेलं. शंभर अर्ज चाळणारा माणूस या शब्दांवर थांबत नाही. आपण जाहिरातीत मागितलेलं शोधत असतो, तसा तो अर्जात शोधत असतो.

वस्तीतली एक बी.कॉम. मुलगी माझ्याकडे आली होती. एका संस्थेला क्षेत्र समन्वयक हवा होता. अटी अशा: बचत गटांसोबत कामाचा अनुभव, एक्सेलमध्ये नोंदी, मराठी टंकलेखन ३० शब्द प्रति मिनिट, गावभेटीची तयारी, टॅली येत असल्यास प्राधान्य. तिच्या बायोडाट्यात अनुभवापुढे 'नाही' लिहिलेलं.

मी म्हटलं, आधी कोऱ्या कागदावर केलेलं सगळं काम लिही. हा झाला मूळ बायोडाटा. तो कुठेच पाठवायचा नाही, त्यातून वेचायचं. निघालं ते असं: आईच्या बचत गटाची वही ती तीन वर्षं लिहीत होती. दोन हंगाम जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांच्या नोंदी संगणकावर केल्या होत्या. टंकलेखनाचं प्रमाणपत्र होतंच. पगार मिळाला नाही ते काम नव्हे, हे आपल्या घरांत फार खोल बसलं आहे.

मग जाहिरातीतल्या एकेका अटीखाली रेघ ओढून त्यासमोर पुरावा लिहिला. 'वही लिहिते' याऐवजी जाहिरातीचेच शब्द घेतले: 'बचत गटांसोबत कामाचा अनुभव: १२ महिलांच्या गटाचे इतिवृत्त, बचत व अंतर्गत कर्जाच्या नोंदी, ३ वर्षे'. शब्द त्यांचे, काम तिचं. आकडा वहीत दाखवता येईल तेवढाच. जिनिंगच्या नोंदी एक्सेलमध्येच होत्या, म्हणून तो शब्द घेतला. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असत्या तर घेता आला नसता. गटाचा अनुभव सर्वांत वर आणला, शाळेतली बक्षिसं काढून टाकली. टॅली येत नव्हतं, तिथे काहीच लिहिलं नाही. 'टॅलीची ओळख' असली गोलमाल भाषा मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला उघडी पडते.

भीमजयंती समितीचा जमाखर्चही तिने सांभाळला होता. तो लिहायचा का, यावर आमचा वाद झाला. नावावरून जात ओळखून अर्ज बाजूला ठेवणारे असतात, हे आपल्याला शिकवायला नको. माझं मत: 'सार्वजनिक उत्सव समिती, जमाखर्च' एवढं लिहिलं तरी ते खरंच आहे. बायोडाटा म्हणजे पोलिसांपुढची जबानी नव्हे. न विचारलेलं सांगितलं नाही म्हणजे खोटं बोललो असं होत नाही. ती मात्र पूर्ण नाव लिहिण्यावर ठाम राहिली. अर्ज तिचा, म्हणून तसंच गेलं.

मुलाखतीत विचारलं, थकलेल्या हप्त्याची नोंद कशी करता? तिने वहीच उघडून दाखवली. टॅलीचंही विचारलं. येत नाही, म्हणाली.