मामाची पाटी

माझ्या मामाचं मुलुंड पश्चिमेला चष्म्याचं दुकान आहे. १९८८ पासून. त्यावर पस्तीस वर्षं फक्त इंग्रजी पाटी होती, आणि त्यावरून मी कॉलेजात असल्यापासून त्याच्याशी भांडत आलोय. घरी हा माणूस चुकून एखादा हिंदी शब्द ऐकला तरी टोकणारा, आणि दुकानावर मात्र रोमन अक्षरांत आडनाव आणि पुढे 'ऑप्टिशियन्स'. शेजारच्या कच्छी फरसाणवाल्याची पाटी पहिल्यापासून मराठीत! मग नोव्हेंबर २०२३ मध्ये मामानेही देवनागरी पाटी लावली. मला वाटलं, जिंकलो.

आता तुम्ही म्हणाल, त्या महिन्यात अख्ख्या मुंबईनेच लावली. बरोबर. २०२२ च्या कायदेदुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं. व्यापारी कोर्टात गेले. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, आणि फ्लेक्सवाल्यांची दिवाळी झाली.

मध्यंतरी मला 'भाषिक भूदृश्य' नावाच्या अभ्यासशाखेबद्दल वाचायचा नाद लागला. रस्त्यावरच्या पाट्या कुठल्या भाषांत आहेत ते मोजायचं आणि त्यावरून गावातल्या भाषांची उतरंड वाचायची, असा हा उद्योग. पीटर बॅकहाउस नावाच्या संशोधकाने टोकियोत ११,८३४ पाट्या मोजल्या, त्यातल्या २,४४४ बहुभाषिक निघाल्या. म्हटलं, आपणही मामाच्या रस्त्याची एक बाजू मोजू. रविवारी सकाळी वही घेऊन उभा राहिलो. पहिल्या दहा मिनिटांत दोघांनी "महापालिकेकडून आलात का?" म्हणून विचारलं.

पहिली अडचण म्हणजे एक पाटी म्हणजे काय? बॅकहाउसचा नियम सोपा आहे : ज्या मजकुराला स्वतःची वेगळी चौकट आहे ती एक पाटी. म्हणजे दुकानावरचा मोठा बोर्ड एक, आणि काचेला चिकटवलेला वहीचा कागदही एकच. ऐकायला विचित्र वाटतं, पण हाच नियम पुढे कामाला आला.

दुसरी अडचण आमच्या धंद्यातली. घरी येऊन तक्ता केला तर लिपीचा रकाना भराभर भरला आणि भाषेच्या रकान्यात जिकडे तिकडे `NULL`. गुजराती असती तर प्रश्न नव्हता, तिचा युनिकोडमधला वाडा वेगळा (U+0A80 पासून). पण मराठी आणि हिंदी एकाच वाड्यात राहतात (U+0900 ते U+097F). त्यात पाटीवर असतं काय? मालकाचं नाव आणि 'मेडिकल', 'ज्वेलर्स', 'फूटवेअर'. नाव कुठल्याच भाषेचं नसतं, आणि उरलेलं इंग्रजी. मग ही मराठी म्हणायची कशावरून?

उत्तर शब्दांत नाही, स्पेलिंगमध्ये सापडतं. मराठी माणूस 'बँक' लिहितो, हिंदीवाला 'बैंक'. आपलं 'हॉटेल', त्यांचं 'होटल'. आपली 'डेअरी', त्यांची 'डेयरी'. 'स्टोअर्स' आणि 'स्टोर्स'. त्या रस्त्यावर कायद्यानंतर लागलेल्या चकचकीत पाट्यांपैकी कितीतरींवर 'होटल' आणि 'डेयरी' होतं. लिपी पाळली, भाषा निसटली. पण यावरून मालक हिंदी भाषिक आहे असं म्हणालात तर फसाल, कारण अक्षरं बरेचदा फ्लेक्सवाल्याचा पोरगा जुळवतो. किराणा दुकानावर थंड पेयाच्या कंपनीचा फुकटचा बोर्ड असेल तर भाषासुद्धा कंपनीने निवडलेली. म्हणजे पाटीला लेखक असतो, पण तो दुकानदारच असेल असं नाही.

बर्नार्ड स्पॉल्स्की आणि रॉबर्ट कूपर यांनी जेरुसलेमच्या भाषांवरच्या पुस्तकात (१९९१) तीन अटी सांगितल्यात. माणूस पाटी लिहितो ती स्वतःला येणाऱ्या भाषेत, किंवा वाचणाऱ्याला येणाऱ्या भाषेत, किंवा आपण ज्यांच्यातले म्हणून ओळखले जावं असं वाटतं त्यांच्या भाषेत. तिन्ही अटी एका पाटीला लागू होतातच असं नाही. कायदा आला की वरच्या बोर्डावर तिघींचंही फारसं चालत नाही. तो बोर्ड आता सरकारला उद्देशून आहे. गिऱ्हाइकाशी बोलणं खाली सरकतं, वहीच्या कागदावर.

फरसाणवाल्याचं बघा. वर मोठी मराठी पाटी, त्याच मापाची इंग्रजी. काचेआड भावाच्या चिठ्ठ्या, सगळ्या गुजरातीत हाताने लिहिलेल्या. त्या कोणासाठी? रोज गांठिया नेणाऱ्या शेजारच्या इमारतींसाठी, आणि त्याच्या स्वतःच्या नोकरांसाठी. गल्ल्यापाशी 'सुट्टे पैसे द्या' मराठीत. 'उधार मांगकर शर्मिंदा न करें' हिंदीत (उधारी मागणारे कोण असतात याबद्दल त्याचा काही अंदाज असावा). दाराला नवा कागद : 'काम के लिए लड़का चाहिए'. आणि दोन दुकानं सोडून एका दवाखान्याच्या काचेवर रिसेप्शनिस्ट हवी असल्याची जाहिरात, ती छापील इंग्रजीत. दोन्ही नोकऱ्यांच्याच जाहिराती. फक्त भाषा बघून पगार सांगता येतो.

असो. दुपारी वही घेऊन मामाकडे गेलो आणि त्याला म्हणालो, "मामा, तुझी नवी पाटी मी 'कायद्यामुळे' या रकान्यात टाकलीय."

तो चिडला नाही. म्हणाला, "टाक की. पण जुनी कुठल्या रकान्यात टाकतोस? अरे, ८८ साली मराठी पाटी लावली असती तर गिऱ्हाइकाने आधी घासाघीस केली असती. इंग्रजी पाटीखाली माणूस आवाज खाली घेऊन बोलतो. फरसाणवाल्याला काय, गांठियाला ऐट लागत नाही. भिंगाला लागते."

वीस वर्षं मी ज्याला न्यूनगंड म्हणत होतो तो त्याचा धंद्याचा हिशेब होता. पटलं असं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

तेवढ्यात एक आजी आल्या. मामाने ड्रॉवरमधून जवळचं वाचायचे तक्ते काढले. प्लास्टिकमध्ये घातलेले तीन तक्ते, वर मोठ्या अक्षरांचा परिच्छेद, खाली बारीक होत जाणारा. एक मराठी, एक गुजराती, एक इंग्रजी. पाटीवर काहीही लिहा, इथे माणसाला वाचता येईल तीच भाषा लागते, नाहीतर नंबरच निघायचा नाही. गुजराती तक्त्याचे कोपरे बोटांनी काळे पडले होते, मराठीचे त्याहून थोडे कमी. इंग्रजी त्यातल्या त्यात नवा दिसत होता.

"माजी, कई भाषामां वांचशो?" मामाने विचारलं. त्याला इतकं सराईत गुजराती येतं हे मला माहीत नव्हतं. आजींनी गुजराती तक्ता घेतला आणि तिसऱ्या ओळीपाशी अडल्या.

त्या गेल्यावर मामा म्हणाला, "तूही बस. वही हातभर लांब धरून वाचतोयस केव्हाचा."

बसलो. त्याने फ्रेम चढवली, ड्रॉवर उघडला आणि काही न विचारता इंग्रजी तक्ता माझ्या हातात दिला.