डाळिंबाचा रस आणि बीपीची गोळी

"डॉक्टर, डाळिंबाचा रस चालू केलाय. आता गोळी बंद केली तर चालेल ना?" नाशिकमध्ये दवाखाना चालवताना हा प्रश्न मला दर हंगामात ऐकू येतो. सटाणा, देवळा, मालेगावकडे बागा आहेत. माल निघाला की पाहुण्यांकडून क्रेट येतो आणि घरात रोज रस निघू लागतो.

रसाने बीपी उतरतं का? उतरतं, पण थोडंच. आठ चाचण्यांचे निष्कर्ष २०१७ साली एकत्र तपासले गेले. त्यात वरचा आकडा सरासरी ५ने आणि खालचा २ने कमी झालेला दिसला. म्हणजे १५०चं साधारण १४५ होईल. तेवढ्याने गोळी सुटत नाही.

मग लोकांना गोळी सुटल्यासारखी का वाटते? बागलाणातले एक शेतकरी काका माझ्याकडे येतात. वय ६२. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली एक गोळी घेऊन त्यांचं बीपी १३२/८२ राहायचं. हंगामात त्यांनी सकाळ-संध्याकाळ ३०० मिलीचा मोठा पेला रस सुरू केला आणि गोळी परस्पर सोडली. चौथ्या दिवशी घरच्या मशीनवर १३४ आलं. काका खूश, शेजारचे दोघेही रसाला लागले. तिसऱ्या आठवड्यात डोकं जड वाटू लागलं म्हणून ते आले, तेव्हा बीपी होतं १५८/९४.

चौथ्या दिवशीचं ते १३४ रसाचं नव्हतं, गोळीचंच होतं. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. निम्मं औषध जायलाच दीड-दोन दिवस लागतात आणि पूर्ण असर ओसरायला आठवडा किंवा थोडा जास्त. तोवर जुन्या गोळीचं श्रेय नव्या रसाला मिळतं. रसाचा खरा परिणाम बघायचा असेल तर गोळी चालूच ठेवा. सकाळी गोळीच्या आधी पाच मिनिटं शांत बसून दोनदा बीपी मोजा, आठवडाभर वहीत लिहा. आकडे सारखेच कमी येत असतील, उठताना चक्कर येत असेल, तर वही घेऊन या. डोस कमी करायचा का ते मग ठरवू.

काकांची गोळी मी लगेच पूर्वीसारखी सुरू केली नाही. आधी रक्त तपासलं. क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनी थोडी मंदावलेली, आणि पोटॅशियम ५.१. नेहमीची मर्यादा साधारण ३.५ ते ५. डाळिंबाच्या रसात १०० मिलीला सुमारे २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे काकांच्या पोटात रसातूनच रोज बाराशे मिलिग्रॅम जात होतं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. मंदावलेल्या किडनीला ते जमत नाही, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या पोटॅशियम शरीरात आणखी धरून ठेवतात. सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर जोखीम वाढतेच. वाढलेलं पोटॅशियम बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, म्हणून ते रक्त तपासूनच कळतं. काकांचा रस बंद केला, फक्त अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलं. आठवड्याने पोटॅशियम ४.६ आल्यावर टेल्मिसार्टन जोडलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासलं. ४.८. बीपी १३४/८२.

ग्रेपफ्रूटबद्दल वाचून काहीजण घाबरतात. ते फळ काही औषधं रक्तात वाढवतं, हे खरं आहे. डाळिंबाबाबत तशी शंका प्रयोगशाळेतल्या तपासण्यांमधून आली, पण माणसांवरच्या चाचण्यांत बहुतेक दिसली नाही. तरी वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर मी सावध राहतो, कारण रसासोबत आयएनआर बदलल्याच्या तुरळक नोंदी आहेत. रस अचानक सुरू करू नका, अचानक थांबवूही नका. बदल केलात तर आयएनआर करून घ्या.

किती प्यावा? किडनी ठीक आणि मधुमेह नसेल तर दिवसाला १५० मिली, म्हणजे घरातला लहान पेला. त्यातही साखर १८-२० ग्रॅम असते, वरून घालायची गरज नाही. मधुमेह असेल तर रसाऐवजी वाटीभर दाणे चावून खा, चोथा पोटात जाऊ द्या. आणि गाडीवर रस घेताना काळं मीठ नको म्हणून आधीच सांगा. तेही शेवटी मीठच. बीपीसाठी रस प्यायचा आणि त्यात चिमूटभर मीठ टाकून घ्यायचं, हे मी रोज बघतो.

किडनीचा त्रास असेल किंवा वर लिहिलेल्यांपैकी एखादी गोळी चालू असेल, तर क्रेट उघडण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्या. दोन्ही तपासण्या एकाच रक्तात होतात, उपाशी राहावं लागत नाही.